कडकच्या विरुद्ध काय?

आजचा विषय चौथीच्या उत्तरपत्रिकेतून आलेला आहे. माझ्या नातीच्या मराठीच्या चाचणीत एक वाक्य होते: ‘पावसाळ्यातही भाकरी कडक राहावी म्हणून आजीने डब्याचे झाकण घट्ट लावले.’ ‘कडक’ या शब्दाखाली रेघ होती आणि विरुद्धार्थी शब्द विचारला होता. नातीने लिहिले, ‘सादळलेली’. त्यावर लाल फुली पडली आणि शेजारी बरोबर उत्तर लिहून आले, ‘मऊ’. अर्धा गुण गेला. अर्ध्या गुणाचे मला काही नाही. पण पोरगी मला म्हणाली, “आजोबा, मऊ भाकरी तर चांगली असते. आजी मऊ भाकरीला कशाला घाबरेल?” मी चाळीसेक वर्षे तत्त्वज्ञान शिकवले. या प्रश्नावर त्या बाईंच्या बाजूने मला एक वाक्य बोलता आले नाही.

सोलापूरकरांना कडक भाकरी काय ते सांगायला नको. पण हे व्याख्यान लांबून ऐकणारेही आहेत, म्हणून सांगतो. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी पातळ थापायची, भाजायची आणि पापडासारखी मोडेल इतकी वाळू द्यायची. ती कितीतरी दिवस टिकते. शेंगाचटणी आणि दह्याबरोबर खातात. तिचा एकच शत्रू आहे, तो म्हणजे दमट हवा. झाकण उघडे राहिले की ती सादळते, वातड होते, आणि मग तिला कोणी हात लावत नाही.

आता मूळ वाक्याकडे पुन्हा बघा. पावसाळा आहे, डबा आहे, घट्ट झाकण आहे. आजी कशाला टाळते आहे? सादळण्याला. ‘मऊ’ भाकरी म्हणजे तव्यावरून नुकती उतरलेली, ताटात वाफ सोडणारी भाकरी. डब्याचे झाकण उघडे ठेवून कोणालाही मऊ भाकरी मिळालेली नाही. म्हणजे वाक्यात पोरीचे उत्तर बसते, बाईंचे बसत नाही. बाईंना मी दोष देत नाही. साठ पेपर, एक रात्र आणि हातात उत्तरसूची. सूचीत लिहिले आहे, कडक × मऊ. माझी तक्रार त्या सूचीबद्दल आहे. ती असे समजते की विरुद्धार्थ शब्दाला चिकटलेला असतो. तो शब्दाला चिकटलेला नसतो. तो त्या वाक्यात शब्द जे काम करतो, त्या कामाला असतो.

हे मी नवीन सांगत नाही. अ‍ॅरिस्टॉटलच्या ‘टॉपिक्स’ या ग्रंथात, पहिल्या भागाच्या 15व्या प्रकरणात, एका शब्दाचे अर्थ एक की अनेक हे ओळखायच्या कसोट्या दिल्या आहेत. पहिलीच कसोटी विरुद्धार्थाची आहे. ग्रीकमध्ये सुरीच्या धारेला आणि उंच सुराला एकच विशेषण लावतात. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, त्याच्या विरुद्ध काय ते विचारा. सुरीच्या बाबतीत ‘बोथट’ येते, सुराच्या बाबतीत ‘जड’, म्हणजे आपण ज्याला खालचा सूर म्हणू ते. विरुद्ध शब्द दोन निघाले, म्हणजे मूळ शब्दाचे अर्थही दोन. आपल्या शाळेत क्रम उलटा आहे. आधी शब्दाचा एक अर्थ गृहीत धरायचा, मग त्याचा एक विरुद्धार्थ पाठ करायचा. अ‍ॅरिस्टॉटलने विरुद्धार्थ हे अर्थ शोधायचे साधन म्हणून वापरले. आपण ते पाठांतराचे साहित्य करून ठेवले आहे.

ही कसोटी मराठीत वापरायला फार सोपी आहे, कारण आपल्याकडे ‘की’ आहे. शब्द घ्या, विरुद्ध वाटतो तो शब्द घ्या, मध्ये ‘की’ घाला आणि प्रश्न विचारून बघा. ‘ऊन कडक आहे की कोवळं?’ हा खरा प्रश्न आहे, आई लेकराला बाहेर सोडताना विचारेल. ‘बंदोबस्त कडक आहे की ढिला?’ हाही खरा. ‘चहा कडक हवा की फिका?’ टपरीवर रोज विचारतात. आता ‘चहा कडक हवा की मऊ?’ असे विचारून बघा. (श्रोत्यांत हशा.) हसलात ना? तुमच्या हसण्यानेच तो पर्याय बाद झाला. कोष्टक पाठ नसलेल्या माणसालाही हे कळते, कारण तो मराठी बोलतो.

समानार्थी शब्दालाही हीच गाळणी लावायची. कडकच्या जागी जो शब्द घालाल, त्याने तोच ‘की’ पेलला पाहिजे. ‘ऊन प्रखर आहे की कोवळं?’ चालते. ‘बंदोबस्त चोख आहे की ढिला?’ चालते. पण ‘बंदोबस्त प्रखर’ म्हणता येत नाही आणि ‘चोख ऊन’ कोणी म्हणत नाही. म्हणजे प्रखर आणि चोख हे दोघेही कडकचे समानार्थी, पण एकमेकांचे नाहीत. सूचीत मात्र ते एकाच ओळीत स्वल्पविराम देऊन बसवलेले असतात, आणि मुलाला वाटते यातला कुठलाही उचलावा.

इथपर्यंत पुष्कळ शिक्षक माझ्याबरोबर येतात. ते म्हणतात, ठीक आहे सर, मग शेजारचे नाम बघून ठरवू. ऊन असेल तर कोवळे, चहा असेल तर फिका, भाकरी असेल तर मऊ. एका लांब सूचीऐवजी दहा छोट्या सूची. माझे म्हणणे, तेवढ्याने भागत नाही. नाम तेच राहून विरुद्धार्थ बदलतो. जेवायला बसलेल्या पाहुण्याला विचारतात, ‘भाकरी कडक देऊ की मऊ?’ हा प्रकाराचा प्रश्न आहे. दोन्ही भाकऱ्या चांगल्या, तुम्हाला कुठली आवडते ते सांगा. डबा उघडताना विचारतात, ‘भाकरी कडक आहे की सादळली?’ हा अवस्थेचा प्रश्न आहे. एक चांगली, एक बिघडलेली. शब्द तोच, नाम तेच, विरुद्ध दोन. समानार्थी शब्दही मग वेगळे पडतात. पहिल्या प्रश्नात ‘वाळवलेली’ म्हणता येईल, दुसऱ्यात ‘कुरकुरीत’ म्हणावे लागेल. म्हणून शेजारचा शब्द बघून थांबू नका. हे वाक्य कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, ते बघा.

आपल्या परंपरेत याला नाव आहे, ‘प्रकरण’, म्हणजे प्रसंग. ‘सैन्धव’ या संस्कृत शब्दाचे दोन अर्थ आहेत, मीठ आणि सिंधू देशाचा घोडा. मालक म्हणाला सैन्धव आण. जेवताना म्हणाला तर मीठ आणायचे, प्रवासाला निघताना म्हणाला तर घोडा. वाक्यात एकही अक्षर बदललेले नाही, बदलला तो प्रसंग. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’च्या दुसऱ्या कांडात अनेकार्थी शब्दाचा अर्थ ठरवणाऱ्या गोष्टींची यादी दिली आहे. त्यात प्रकरण आहे, आणि ‘विरोधिता’ही आहे. तिचे नेहमीचे उदाहरण ‘राम आणि अर्जुन’ या जोडीचे. राम तीन, दाशरथी, बलराम आणि परशुराम. अर्जुनही दोन, पांडव आणि कार्तवीर्य. पण या दोघांचे वैर आहे असे म्हटले, की राम परशुरामच ठरतो आणि अर्जुन कार्तवीर्य. कोणाच्या विरुद्ध उभा आहे यावरून माणूस ओळखायचा. ग्रीस आणि भारत, दोन्हीकडच्या विचारवंतांना विरोधातून अर्थ सापडला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मग सूची नकोतच का? तसे नाही. ‘अमरकोश’ही एका अर्थी सूचीच आहे. पण अमरसिंहाने समानार्थी शब्द विषयवार मांडले आणि अनेकार्थी शब्दांसाठी तिसऱ्या कांडात ‘नानार्थवर्ग’ वेगळा केला. तिथे एकट्या ‘हरि’ शब्दाचे अर्थ यम, वारा आणि इंद्रापासून पोपट, माकड आणि बेडकापर्यंत जातात. म्हणजे हा शब्द इतर वर्गांसारखा सरळ वापरता येणार नाही, अशी सूचना ग्रंथाच्या रचनेतच आहे. आपल्या मार्गदर्शकांत ती सूचना गळाली.

‘की’च्या कसोटीलाही मर्यादा आहेत, त्या सांगायला हव्यात. एक, काही वापरांना विरुद्ध नसतेच. पोरे म्हणतात, ‘गाणं एकदम कडक!’ इथे ‘की’ लावून काही निघत नाही, ही नुसती दाद आहे. विरुद्ध न सापडणे हाही अर्थ वेगळा असल्याचा पुरावाच. दोन, कधी विरुद्ध शब्द एकच येतो आणि अर्थ मात्र दोन असतात. कडक थंडीच्या विरुद्ध सौम्य, कडक शब्दांच्या विरुद्धही सौम्य. ही अडचण अ‍ॅरिस्टॉटलला माहीत होती. त्याचा उपाय असा, की ती गोष्ट कशाने जाणवते ते विचारा. थंडी कातडीला कळते, शब्द मनाला लागतात. म्हणून थंडीला ‘कडाक्याची’ म्हणता येते, शब्दांना येत नाही. शब्द ‘कठोर’ असतात.

शेवटी प्रश्न काढणाऱ्यांसाठी एक नमुना. ‘नवे मुख्याध्यापक कडक आहेत.’ पर्याय: मवाळ, मऊ, ढिले, फिके. सांगा उत्तर. निम्मे लोक मवाळ म्हणतील, निम्मे ढिले, आणि दोघेही बरोबर. आता वाक्य पुढे न्या: ‘आधीच्यांच्या काळात कोणीही कधीही यायचे.’ उत्तर ढिले. त्याऐवजी न्या: ‘आधीचे चुकलेल्या मुलालाही रागावत नसत.’ उत्तर मवाळ. म्हणजे पहिला प्रश्न कठीण नव्हता, तो अपुरा होता. पेपर काढणाऱ्याने छापण्याआधी प्रत्येक पर्याय ‘की’ लावून त्याच वाक्यात म्हणून पाहावा. दोन पर्याय टिकले, तर वाक्यात आणखी एक ओळ घालावी. ती घालायची नसेल, तर दोन्ही उत्तरांना गुण द्यावेत. स्पर्धा परीक्षेत अशा एका प्रश्नावर पोराचे वर्ष जाऊ शकते.

आणि नातीच्या पेपरचे काय झाले? मी तिला म्हणालो, बाईंना जाऊन एवढेच विचार, “बाई, पावसाळ्यात झाकण उघडं राहिलं तर भाकरी मऊ होते की सादळते?” बाई सोलापूरच्याच. त्या हसल्या आणि फुलीवर बरोबरची खूण केली. उत्तरसूचीत मात्र अजून ‘मऊ’च आहे.