शून्य सरासरी फरकाचा आभास : नव्या विश्लेषक यंत्राच्या तुलना-अहवालांचे परीक्षण

प्रयोगशाळेत नवे विश्लेषक यंत्र आले म्हणजे जुन्या यंत्राशी त्याची तुलना करणे क्रमप्राप्त असते. आणि त्या तुलनेचा अहवाल बहुधा एका ठरावीक वळणाने जातो. चाळीस रुग्णांचे नमुने दोन्ही यंत्रांवर तपासलेले असतात. सहसंबंध गुणांक ०.९९ हून अधिक आलेला असतो. फरक-आलेखावरील सरासरीची रेषा शून्याला टेकलेली असते. यावरून ‘दोन्ही पद्धतींत समाधानकारक सहमती आढळली’ असा निष्कर्ष काढून लेखक मोकळा होतो. अशा अहवालातील प्रत्येक आकडा बिनचूक असूनही त्याचा निष्कर्ष चुकीचा असू शकतो, आणि त्या चुकीची किंमत रुग्णाला मोजावी लागते, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे. त्यासाठी रक्तद्रवातील क्रिएटिनिनच्या मापनाचे उदाहरण घेऊ.

क्रिएटिनिन मोजण्याची जुनी पद्धत याफे यांच्या १८८६ मधील निरीक्षणावर आधारलेली आहे. अल्कधर्मी द्रावणात क्रिएटिनिन व पिक्रेट यांच्या संयोगाने नारिंगी रंग उत्पन्न होतो. परंतु हा रंग केवळ क्रिएटिनिनच देते असे नाही. प्रथिने, ग्लुकोज, ॲसिटोॲसिटेट यांसारखे पदार्थही त्यात भर घालतात, आणि त्यामुळे निरोगी माणसाच्या नमुन्यात हे मापन मूळ मूल्यापेक्षा दर डेसिलिटरला सुमारे ०.२ ते ०.३ मिलिग्रॅमने अधिक येते. विकरांवर आधारलेल्या नव्या पद्धतीत हा दोष पुष्कळच कमी असतो. म्हणजे जुन्याकडून नव्याकडे जाताना एक ठरावीक रक्कम वजा होणार, हे रसायनशास्त्रच आधी सांगून ठेवते. त्याशिवाय दोन्ही यंत्रांच्या अंशांकनात थोडा फरक असला, तर मूल्याच्या प्रमाणात वाढणारी दुसरी त्रुटीही तीत मिसळते.

आता उदाहरणासाठी रचलेले आकडे पाहू. समजा, जुन्या यंत्रावर ०.६ पासून ९.० मिलिग्रॅमपर्यंत मूल्ये असलेले ४० नमुने निवडले. त्यांची सरासरी ४.० व प्रमाण विचलन २.८ आहे. जुन्या मूल्याला ‘क्ष’ व नव्याला ‘य’ म्हटल्यास दोहोंतील संबंध असा निघाला :

य = १.०५ क्ष − ०.२०

या रेषेभोवती बिंदूंचा विखार ०.१० एवढा आहे. क्षची सरासरी ४.० असल्यामुळे यची सरासरीही ४.० येते, आणि सरासरी फरक बरोबर शून्य होतो. फरकांचे प्रमाण विचलन ०.१७ भरते, म्हणून सहमतीच्या मर्यादा −०.३३ ते +०.३३ अशा निघतात. जोडीची टी-कसोटी लावली तर ‘लक्षणीय फरक नाही’ असे उत्तर येते. सहसंबंध गुणांक तर ०.९९९ आहे. ठरावीक वळणाच्या अहवालाला याहून अधिक काय हवे?

परंतु ही रेषा १.२ मिलिग्रॅम या मूल्यापाशी वाचून पाहावी. तेथे नवे यंत्र १.०६ दाखवते. फरक −०.१४, म्हणजे जवळजवळ बारा टक्के आहे. ०.६ पाशी तो −०.१७, म्हणजे अठ्ठावीस टक्के होतो; आणि ९.० पाशी उलट दिशेने +०.२५, म्हणजे जेमतेम तीन टक्के. खालच्या टोकाची उणीव आणि वरच्या टोकाची वाढ यांनी परस्परांना खोडून काढले, एवढाच त्या शून्याचा अर्थ. सरासरी फरक हा यंत्राचा गुण राहत नाही. तो कोणते नमुने निवडले यावर ठरतो. याच दोन यंत्रांची तुलना केवळ निरोगी रक्तदात्यांच्या नमुन्यांवर केली असती तर सरासरी फरक −०.१५ च्या आसपास आला असता, आणि केवळ डायलिसिसच्या रुग्णांवर केली असती तर तो धन आला असता.

हा फरक कागदापुरता राहत नाही. साठ वर्षांच्या एका स्त्रीचे क्रिएटिनिन जुन्या यंत्रावर १.२ आले, तर २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने तिच्या वृक्कांचा गाळणदर सुमारे ५२ येतो. नव्या यंत्रावरील १.०६ वरून तोच सुमारे ६० होतो. साठच्या खालचा दर तीन महिने टिकून राहिल्यास दीर्घकालीन वृक्कविकाराचे निदान केले जाते. म्हणजे ती स्त्री, तिची वृक्के आणि तिचे रक्त तेच असताना, यंत्र बदलले म्हणून ती रोगाच्या रेषेच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला गेली. आणि तिच्या चिकित्सकाला ती सुधारली असे वाटले.

या दोषाचे खापर फरक-आलेखावर फोडणे अन्यायाचे होईल. आल्टमन व ब्लँड यांनी १९८३ मध्ये, आणि ब्लँड व आल्टमन यांनी १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हा आलेख मांडला तो सहसंबंध गुणांकाच्या गैरवापराला उत्तर म्हणून, आणि फरक मूल्यानुसार बदलत असेल तर एकच सरासरी व एकच मर्यादा पुरेशा नाहीत, हेही त्यांनी दाखवले होते. आपल्या उदाहरणातील बिंदू डावीकडे शून्याखाली आणि उजवीकडे शून्यावर असे तिरके चढत गेलेले दिसतात. डोळे उघडे ठेवून पाहणाऱ्याला ते दिसतातच. पण तीन आडव्या रेषा ओढून त्यांचे आकडे तेवढे उतरवून घेणाऱ्याला ते दिसत नाहीत. उभ्या अक्षावर फरकाऐवजी शेकडा फरक घेतला तर डावीकडची उणीव अधिकच स्पष्ट होते. याकरिता दोन्ही आलेख काढावेत आणि आकडेमोडीपूर्वी ते वाचावेत.

फरक-आलेखाने जे दाखवले त्याचे मोजमाप समाश्रयणाने करावयाचे असते. उतारावरून प्रमाणशीर त्रुटी आणि छेदावरून स्थिर त्रुटी कळते. हे पृथक्करण वेस्टगार्ड व हंट यांनी १९७३ मध्येच स्पष्ट केले होते. मात्र साध्या लघुतम-वर्ग पद्धतीचे एक गृहीत आहे : क्षच्या मापनात त्रुटी नाही. जुन्या यंत्राविषयी असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. क्षमध्ये त्रुटी असली की उतार खऱ्यापेक्षा कमी येतो. किती कमी, ते नमुन्यांच्या आवाक्यावर अवलंबून असते. आपल्या उदाहरणातील विस्तृत आवाक्यात ही घट नगण्य आहे. परंतु खऱ्या मूल्यांचे प्रमाण विचलन ०.२० आणि क्षची मापनत्रुटी ०.०६ असेल, तर १.०५ हा उतार ०.९६ होऊन बसतो. ‘पाच टक्के अधिक’ याचे ‘चार टक्के कमी’ झाले, आणि तेही यंत्राचा काहीएक संबंध नसताना.

सहसंबंध गुणांकाला तुलनेच्या अहवालात एक रास्त काम आहे ते येथेच. तो सहमती सांगत नाही. पण तो ०.९९ च्या वर असेल तर आवाका पुरेसा विस्तृत आहे व साधे समाश्रयण फारसे फसवणार नाही, एवढे तो सांगतो. तसे नसेल तर दोन्ही पद्धतींच्या त्रुटींचे गुणोत्तर हिशोबात घेणारी डेमिंग यांची रीत वापरावी. किंवा पासिंग व बाब्लोक यांची १९८३ मधील रीत वापरावी. तीत बिंदूंच्या प्रत्येक जोडीतून उतार काढून त्यांचा मध्यक शोधतात. ४० नमुन्यांत अशा ७८० जोड्या होतात, त्यामुळे एखाददुसऱ्या भरकटलेल्या बिंदूने निकाल ढळत नाही. तथापि संबंध सरळ रेषेचा असला पाहिजे, ही अट याही रीतीला सुटलेली नाही.

‘उताराच्या विश्वास-अंतरालात १ आणि छेदाच्या विश्वास-अंतरालात ० येतो, म्हणून अभिनती नाही’ हे वाक्यही असेच तपासून घ्यावयास हवे. नमुने थोडे असले की अंतराल रुंद होतो आणि त्यात १ व ० सहजच सामावतात. या रीतीने पाहिल्यास तुलना जितकी निष्काळजी, तितके यंत्र निर्दोष ठरेल! योग्य प्रश्न निराळा आहे : ज्या मूल्यापाशी वैद्यकीय निर्णय घेतला जातो तेथे अभिनती किती, आणि ती मान्य मर्यादेच्या आत आहे काय? १.२ पाशी आपली अभिनती −०.१४ असून तिचा ९५ टक्के विश्वास-अंतराल सुमारे −०.१९ ते −०.०९ असा निघतो. क्रिएटिनिनच्या जैविक चलनावरून ठरणारी मान्य अभिनती सुमारे चार टक्के, म्हणजे येथे ०.०५ आहे. संपूर्ण अंतराल तिच्या बाहेर पडतो. संशयाला जागा उरत नाही. अंतराल मर्यादेवर पसरलेला असता तर ‘निर्णय होत नाही, आणखी नमुने घ्यावेत’ हेच प्रामाणिक उत्तर ठरले असते. ही मर्यादा आलेख काढण्यापूर्वी लिहून ठेवलेली असावी, हे ओघानेच आले.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, रेषेपासून दूर पडलेला बिंदू वगळला तर चित्र स्वच्छ होते. मधुमेही कीटोआम्लतेच्या रुग्णाचा नमुना जुन्या यंत्रावर २.१ आणि नव्यावर १.२ आला, असे समजा. दोन्ही यंत्रांवर तो पुन्हा तपासावा. आकडे तेच आले तर ती हातची चूक नव्हे. ॲसिटोॲसिटेटने पिक्रेटच्या पद्धतीला दिलेली ती हुलकावणी आहे. अशी त्रुटी नमुन्यागणिक बदलते आणि उतार व छेद यांत ती मावत नाही. तो बिंदू वगळणे म्हणजे तुलनेतील सर्वांत बोलका साक्षीदार बाहेर घालवणे होय. हीच शंका नव्या पद्धतीविषयीही बाळगावी. डोपामिन सुरू असलेल्या रुग्णात पेरॉक्सिडेजवर आधारलेले मापन खोटे कमी येऊ शकते.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे : नव्या यंत्रात उतार व छेद यांचे गुणक भरून त्याचे आकडे जुन्याशी जुळवून घेतले तर कोणाचीच तक्रार राहणार नाही. परंतु तुलनेने केवळ दोन पद्धतींतील अंतर कळते, खरेपणा कोणाकडे आहे हे कळत नाही. ते समस्थानिक-विरलन वस्तुमान पंक्तिमापनाशी जोडलेल्या संदर्भ द्रव्यावरून ठरवावे लागते. गाळणदराची आजची सूत्रेही त्याच मापनाशी जुळवलेल्या क्रिएटिनिनवर उभी आहेत. संदर्भ द्रव्याने नव्या यंत्राची साक्ष दिली, तर त्याला जुन्या दोषाचे वळण लावणे म्हणजे नवे घड्याळ मागे पडणाऱ्या जुन्या घड्याळाप्रमाणे लावण्यासारखे आहे. अशा वेळी बदलावयाची असते ती संदर्भ-मूल्यांची कक्षा. आणि कळवावयाचे असते ते चिकित्सकांना : अमुक दिवसापासून १.२ चे सुमारे १.०६ होईल, आणि तो फरक रुग्णातील नव्हे, यंत्रातील आहे. दीर्घकाळ उपचार घेणाऱ्या रुग्णांचा पहिला अहवाल काही काळ दोन्ही पद्धतींनी द्यावा, म्हणजे मागच्या आकड्यांशी दुवा तुटत नाही.

तात्पर्य, तुलना-अहवालाचे शेवटचे वाक्य ‘सहमती आढळली’ असे असू नये. कोणत्या मूल्यापाशी किती अभिनती, तिचा विश्वास-अंतराल कोणता, मान्य मर्यादा किती आणि ती कोणी, केव्हा ठरवली, या चार गोष्टी ज्या वाक्यात येतात तेच वाक्य निष्कर्ष या नावास पात्र आहे. आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांचे परीक्षण करताना परीक्षकांनी सहसंबंध गुणांकाआधी ते वाक्य शोधावे.