निनावी पाहुण्याचा ‘गोंधळ’

सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी मौज प्रकाशन गृहाने २००६ साली प्रसिद्ध केली. तनय आणि अनुजा ही पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरातली भावंडं. घरी पेइंग गेस्ट म्हणून आलेल्या एकाच तरुणावर दोघांचंही प्रेम बसतं. अनुजा त्याच्याबरोबर घर सोडून जाते, पुढे तो तिलाही सोडून नाहीसा होतो आणि ती एकटी परतते. पहिला भाग तनयचा. तो त्या तरुणाला ‘तू’ म्हणून बोलतो. दुसरा भाग म्हणजे अनुजाची डायरी. ज्याच्याभोवती हे सारं फिरतं, त्याला मात्र नाव नाही आणि स्वतःचा भागही नाही.

हा तरुण नेमका कोण, असा प्रश्न वाचकाला पडतोच. त्याची तयार उत्तरं दोन. एक, तो मुळात समलिंगी होता आणि अनुजा ही त्याची पळवाट होती. दोन, तनय ही त्याची तात्पुरती अवस्था होती आणि अनुजेबरोबर तो ‘मार्गावर’ आला. दोन्ही उत्तरं परस्परविरोधी दिसतात, पण दोन्हींचं गृहीतक एकच आहे: माणसाचं आकर्षण कुठल्या तरी एकाच बाजूला असणार आणि दुसरी बाजू खोटी असणार. हे गृहीतक धरलं, की भावंडांपैकी एकाचं प्रेम आपोआप रद्द होतं. कादंबरी तसं करत नाही. ती दोन्ही भाग शेजारी ठेवते, एकाची साक्ष दुसऱ्याच्या साक्षीने खोडत नाही.

‘तात्पुरती अवस्था’ हा दावा पडताळून पाहता येतो. अवस्था असेल तर ती वयाबरोबर ओसरायला हवी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिसा डायमंड यांनी स्वतःला लेस्बियन किंवा उभयलैंगिक म्हणवणाऱ्या, अथवा कुठलंच नाव न लावणाऱ्या ७९ तरुणींशी दहा वर्षं पुन्हा पुन्हा संवाद साधला. निष्कर्ष २००८ साली आले. अनेकींनी मधल्या काळात स्वतःला लावलेलं नाव बदललं होतं. पण उभयलैंगिक किंवा बिननावाची ओळख सोडणाऱ्यांपेक्षा ती नव्याने स्वीकारणाऱ्या जास्त निघाल्या. दोघांविषयीचं आकर्षण टिकून होतं, बदलत होती ती पाटी. दहाव्या वर्षी त्यांतल्या बहुतेकजणी एकाच जोडीदाराबरोबर दीर्घकाळच्या नात्यात होत्या. म्हणजे आकर्षण दोन्हीकडे असणं आणि जोडीदार निवडता न येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा अभ्यास लहान आणि फक्त स्त्रियांचा आहे. कादंबरीतला पाहुणा पुरुष आहे, आणि पुरुषांच्या बाबतीत शंका अधिक जोरकस होती. २००५ साली मायकेल बेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत शारीरिक प्रतिसाद मोजून, उभयलैंगिक म्हणवणाऱ्या पुरुषांचा प्रतिसाद बहुतांशी एकाच बाजूला झुकतो, असं मांडलं. या पुरुषांना खोटं ठरवायला तो निबंध सोयीचा ठरला. पुढे २०२० साली आधीच्या आठ अभ्यासांची सामग्री एकत्र करून, सुमारे पाचशे पुरुषांच्या आधारे, दोन्हींकडे प्रतिसाद देणारी प्रवृत्ती पुरुषांतही असल्याचा निर्वाळा दिला गेला. त्या निबंधाच्या लेखकांत बेलीही होते. अर्थात प्रयोगशाळेतला प्रतिसाद म्हणजे प्रेम नव्हे. तिथे मोजलं गेलं ते एवढंच, की ‘असं असूच शकत नाही’ हे म्हणणं टिकत नाही.

आता कादंबरीकडे परत येऊ. पाहुण्यावर आरोप करायला जागा भरपूर आहे. तो न सांगता निघून जातो. दोघांपैकी कुणालाही पुढच्या आयुष्याचा भरवसा देत नाही. हे दोष त्याच्या वागण्यातले आहेत. स्त्रीला फसवून पळणारा पुरुष आपल्या साहित्यात नवा नाही, आणि त्याला स्त्रियांचं आकर्षण आहे म्हणून तो पळाला, असं कुणी म्हणत नाही. इथे मात्र पळण्याचं कारण थेट आकर्षणात शोधण्याचा मोह होतो. चंचलता स्वभावात असते, तिचा पत्ता लैंगिकतेत शोधणं ही वाचनातली चूक आहे.

एक मर्यादा मात्र कादंबरीच्या रचनेतच आहे. पाहुण्याला स्वतःचा आवाज नसल्यामुळे आपण त्याला उभयलैंगिक म्हणतो, तेही दोन दुखावलेल्या माणसांच्या आठवणींवरून. नाव नसलेलं, बाजू न मांडणारं, शेवटी नाहीसं होणारं हे पात्र नकळत त्याच समजुतीला खतपाणी घालतं: अशी माणसं धूसर असतात, हाती लागत नाहीत. वास्तविक धूसर आहे ते त्याच्याविषयीचं निवेदन. तनय आणि अनुजा यांना तो जसा मिळाला तसाच आपल्याला मिळतो, निघून गेल्यानंतर.

म्हणून या कादंबरीच्या वाचकाने ‘तो खरा कुणाचा होता?’ हा प्रश्न बाजूला ठेवलेला बरा. त्याचं उत्तर द्यायचं तर भाऊ किंवा बहीण यांपैकी एकाचं दुःख नाकारावं लागेल. दोघांचीही पानं तसं करायला जागा ठेवत नाहीत.