माणूस कोण, हे विचारणारी चौकट

आजचा विषय एका छोट्याशा चौकटीचा आहे. संकेतस्थळावर लॉगिन करताना नाव आणि पासवर्ड यांच्याखाली वेड्यावाकड्या अक्षरांचे एक चित्र येते आणि ती अक्षरे ओळखून लिहा, असे सांगितले जाते. त्याला कॅप्चा म्हणतात. आपण चरफडत का होईना, ती लिहितो आणि पुढे जातो. एखाद्या ग्रंथाची करावी तशी या चौकटीची समीक्षा आम्ही आज करणार आहोत. तिच्या पोटात एक युक्तिवाद आहे आणि तो आम्हाला पटत नाही.

आमचे एक जुने विद्यार्थी जन्मापासून दृष्टिहीन आहेत. आता ते स्वतः महाविद्यालयात इतिहास शिकवतात. संगणकावर ते एनव्हीडीए नावाचा मोफत स्क्रीन रीडर वापरतात. पडद्यावरचा मजकूर हा प्रोग्रॅम आवाजात वाचून दाखवतो. गेल्या वर्षी त्यांना एका कार्यालयाच्या पोर्टलवरून पगाराचा तपशील काढायचा होता. नाव टाकले, पासवर्ड टाकला. पुढे टॅब दाबत गेले तर आवाज आला, 'ग्राफिक, कॅप्चा', आणि मग लिहिण्याची रिकामी जागा. बस्स. त्यांनी पडद्याचा फोटो आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. "सर, जरा बघून सांगता का?" आम्ही चष्मा शोधला. चौथे अक्षर ओ की शून्य, यावर आमचाच गोंधळ! अक्षरे कळवली तोवर सेशन संपलेले. पुन्हा नवे चित्र, पासवर्डही पुन्हा. तिसऱ्या खेपेला दार उघडले.

तुम्ही म्हणाल, शेजारच्या कोणाला बसवायचे. बसवता येते. पण मग पासवर्ड टाकताना आणि पगाराचा आकडा पाहताना तोही तिथे असतो. स्वतःचे खाते स्वतः उघडणे एवढीच तर मागणी होती.

आता हे का घडते ते बघा. एरवी चित्रामागे एक ओळ लिहून ठेवता येते, तिला पर्यायी मजकूर म्हणतात. 'फोटो: महाविद्यालयाची इमारत' अशी ओळ असली की स्क्रीन रीडर ती वाचतो. कॅप्चाच्या बाबतीत त्या ओळीत खरी अक्षरे लिहिली तर काय होईल? ज्या यंत्राला अडवायचे, तेही ती ओळ वाचेल. म्हणजे इथे कोणी आळस केला किंवा विसरले, असे नाही. प्रोग्रॅमला जे वाचता येणार नाही ते पुढे करायचे, हीच तर या युक्तीची रचना. आणि दृष्टिहीन माणूस वाचतो तो प्रोग्रॅमच्या मार्फतच.

कॅप्चा हे नाव इंग्रजी आद्याक्षरांचे आहे आणि त्यातला 'टी' ट्युरिंगचा. 2000 च्या सुमारास अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात लुईस फॉन आन, मॅन्युएल ब्लम आणि त्यांचे सहकारी यांनी ही कल्पना मांडली. ट्युरिंगचे नाव घेतले म्हणून आम्ही त्यांचा 1950 सालचा 'माइंड' या नियतकालिकातला लेख पुन्हा काढून बसलो. वर्गात तो अनेक वर्षे शिकवला होता. तिथे प्रश्न विचारणारा एका खोलीत, उत्तरे देणारे दुसऱ्या खोलीत, आणि उत्तरे टंकलिखित. का? तर आवाजावरून, रूपावरून काही ठरू नये म्हणून. माणसाची शारीरिक क्षमता आणि बौद्धिक क्षमता यांच्यात रेघ ओढायची, हा ट्युरिंगचा हेतू लेखात स्पष्ट आहे. म्हणजे ट्युरिंगने जाणीवपूर्वक खोलीबाहेर ठेवलेला डोळा, त्याच्याच नावाने चालणाऱ्या परीक्षेने आत आणून परीक्षकाच्या खुर्चीशेजारी बसवला. मूळ परीक्षेत आमचे विद्यार्थी बसले असते, तर त्यांना काहीच अडचण नव्हती. टंकलेखन ते आमच्यापेक्षा बरे करतात.

यावर सेवा देणाऱ्यांचे नेहमीचे उत्तर म्हणजे आवाजी कॅप्चा. चित्राशेजारी कानाचे किंवा स्पीकरचे चिन्ह असते, ते दाबले की आकडे किंवा शब्द ऐकू येतात. बरे वाटते ऐकायला. पण त्या चिन्हाच्या बटणाला नाव दिलेले नसेल तर स्क्रीन रीडर नुसते 'बटण' म्हणतो. ते सापडले तरी दोन आवाज एकमेकांवर चढतात. कॅप्चा आकडे सांगत असतो आणि त्याच वेळी स्क्रीन रीडर, तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ मोठ्याने सांगतो. आमचे विद्यार्थी इन्सर्ट आणि एस दाबून एनव्हीडीएचा आवाज बंद करतात, आकडे पाठ करतात, मग टाइप करून आवाज परत सुरू करतात. आकडे इंग्रजीत, मुद्दाम मागे खरखर घातलेली. आणि ज्याला दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, जो बोटांखाली ब्रेल डिस्प्लेवर वाचतो, त्याचे काय? त्याच्यासाठी चित्र बंद आणि आवाजही बंद.

बरे, खरखर घालून यंत्र अडते का? 2017 मध्ये मेरिलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी बाजारात मिळणाऱ्या वाचाओळख सेवाच वापरून गूगलच्या आवाजी कॅप्चाची सुमारे 85 टक्के आव्हाने सोडवून दाखवली. यंत्राचा कान सुधारला की खरखर वाढवायची, खरखर वाढली की माणूस गळतो. ही चढाओढ माणूस हरणारच अशी आहे.

आमचा खरा आक्षेप मात्र याच्याही अलीकडचा आहे. लॉगिनच्या दारात 'तू माणूस आहेस का' हा प्रश्नच चुकीचा आहे. नवे खाते उघडताना समोरचा अनोळखी असतो, तिथे तो प्रश्न समजू शकतो. पण लॉगिनला विचारायचे असते, 'हे खाते तुमचेच का?' आणि त्याची साधने कार्यालयाकडे असतातच. मोबाइल क्रमांक नोंदवलेला असतो, त्यावर ओटीपी पाठवा. फोनवरचा स्क्रीन रीडर तो वाचून दाखवतो. फक्त मुदत तीस सेकंदांची ठेवू नका, ऐकून टाइप करायला वेळ लागतो. पासकी असेल तर फोनचे बोट लावायचे कुलूप उघडले की काम झाले. पासवर्ड भराभर आजमावणारी यंत्रे अडवायची, तर चार-पाच चुकांनंतर पुढच्या प्रयत्नाला वाट पाहायला लावा. त्यासाठी प्रत्येकाच्या पहिल्याच प्रयत्नाला चित्र कशाला?

वेबच्या सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत. ऑक्टोबर 2023 मध्ये आलेल्या त्यांच्या 2.2 या आवृत्तीत जवळपास हेच कलम आहे: पासवर्ड आठवणे, कोडे सोडवणे किंवा अक्षरे उतरवून काढणे यांवाचून लॉगिनचा दुसरा मार्ग हवा. पण मधल्या पातळीवर वस्तू ओळखण्याला सूट आहे. 'मोटारी असलेले चौकोन निवडा' हा प्रकार त्या कलमातून सुटतो, आणि स्क्रीन रीडरला मोटार आणि झाड सारखेच. त्या चित्राला दृष्टीपलीकडचा पर्याय द्या, असे सांगणारे वेगळे कलम आहे, पण तो पर्याय म्हणून पुन्हा खरखरीचा आवाजच पुढे येतो.

आपल्याकडे 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटून दाखवा, असे सांगणाऱ्या केवायसीबद्दलच्या त्या याचिका होत्या. अ‍ॅसिडहल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया आणि एक दृष्टिहीन वकील न्यायालयात गेले होते. चौकट निराळी, पण विचारणा तीच: तुमचा डोळा दाखवा.

आत्ता चहाच्या वेळी एका ग्रंथपालबाईंनी विचारले की 'सात अधिक चार किती' असा साधा प्रश्न ठेवला तर चालेल का. तो नुसत्या मजकुरात लिहिला तर स्क्रीन रीडर वाचेल. मुद्दाम तुमच्याच मागे लागलेले यंत्र तो सोडवेलही, पण गावच्या वाचनालयाच्या मागे कोणी तसे लागत नाही, कुठल्याही दारात फिरणारी यंत्रे मात्र बहुधा तिथेच थांबतात. आकडेमोड ज्यांना जड जाते त्यांची अडचण उरतेच. बाई, त्याआधी एक करून बघा. फॉर्ममध्ये डोळ्यांना न दिसणारा एक रकाना ठेवा, स्क्रीन रीडरसाठी त्यावर 'हा रिकामा सोडा' असे लिहा, आणि तो भरून आलेला अर्ज बाजूला काढा.