कानबाईची गाणी: सुटी की एकत्र?

जळगाव-धुळ्याकडे अहिराणी गाणे आज बहुधा सुटेच येते. हळदीला, वरातीला एक ठेका पुरतो. लग्नसराईच्या तोंडावर यूट्यूबवर एकच गाणे सोडणारा नवा गायक माझ्या मते चुकत नाही. कॅसेटच्या दोन बाजू भरण्यासाठी घातली जाणारी भरताड तरी टळली!

कानबाईची गाणी मात्र या मापाने मोजू नयेत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी स्थापना, रात्री जागरण, सोमवारी विसर्जन. गाण्यांनाही हाच क्रम आहे. निरोपाचे गाणे एकटे ऐकले तर नुसती हुरहूर वाटते. जागरणाच्या गाण्यांनंतर ऐकले, तर घर रिकामे झाल्याचे जाणवते.

म्हणून अशा गायकाने आषाढात स्थापनेचे एक गाणे सुटे सोडावे आणि श्रावण लागताच सगळी गाणी क्रमाने अल्बममध्ये द्यावीत. सुट्या गाण्याचेच ध्वनिमुद्रण आणि त्याचाच आयएसआरसी क्रमांक अल्बममध्ये ठेवला, तर स्पॉटिफायवर आधीची ऐकणाऱ्यांची मोजणी सहसा टिकते. नवे ध्वनिमुद्रण नव्या क्रमांकाने दिले, की ती शून्यापासून सुरू होते. यूट्यूबवर प्रत्येक व्हिडिओची मोजणी वेगळी. तिथे क्रम प्लेलिस्टनेच राखावा लागतो, आणि निरोपाचे गाणे शेवटीच लावावे.