चुलतबहीण आणि बिंत अम्म

बदलापूर स्टेशनबाहेर भाजी घेताना आपण भाजीवालीला मावशी म्हणतो आणि रिक्षावाला वयस्कर असला तर त्याला काका. म्हणजे अनोळखी बाई आईकडची आणि अनोळखी पुरुष वडिलांकडचा. ही वाटणी कोणी ठरवून केलेली नाही, पण ती पक्की आहे. बगदादच्या बाजारातही हाक अशीच मारतात. तिथे पुरुषाला ‘अम्मो’ म्हणतात आणि बाईला ‘खाला’. अम्म म्हणजे वडिलांचा भाऊ आणि खाला म्हणजे आईची बहीण. दोन दूरच्या भाषांनी परक्यांसाठी नेमकी तीच दोन नाती निवडावीत, याचं मला फार अप्रूप वाटतं. हे साम्य दिसलं म्हणून मी दोन्हीकडचे शब्द शेजारी मांडून वाचायला बसलो, आणि मग फरक दिसू लागले.

अरबीत आईवडिलांच्या भावंडांसाठी चार शब्द आहेत. वडिलांचा भाऊ अम्म, वडिलांची बहीण अम्मा, आईचा भाऊ खाल आणि आईची बहीण खाला. पुरुषवाचक शब्दाला स्त्रीलिंगी प्रत्यय लागला की त्याच घरातली बहीण तयार होते. शब्द कानावर पडताच घर कळतं: अम्म आला की वडिलांचं, खाल आला की आईचं. मराठीतही माणसं चारच आहेत, काका, आत्या, मामा आणि मावशी. पण काका आणि आत्या या शब्दांत ध्वनीचं काहीच साम्य नाही. एका आईच्या पोटची ही दोघं भावंडं आहेत, हे मराठी शब्दांवरून कळणार नाही.

मराठीत जोड्या आहेत, पण त्या वेगळ्या: काका-काकू, मामा-मामी. अरबीने शब्दांची जोडी लावली ती भावाबहिणीची, मराठीने लावली ती नवराबायकोची. अरबीत काकूला स्वतंत्र नाव नाही, तिला ‘अम्मची बायको’ असंच म्हणतात. मामी म्हणजे ‘खालची बायको’. मराठी घरात लग्न होऊन आलेल्या बाईला नवऱ्याच्या नात्यातूनच एक नवं, हाक मारण्याजोगं नाव मिळतं आणि मुलं तिला त्याच नावाने ओळखतात. उलट घराबाहेरच्या पुरुषांबाबत मराठी हात आखडता घेते. आत्याच्या नवऱ्याला आतोबा आणि मावशीच्या नवऱ्याला मावसोबा हे शब्द आहेत खरे, पण आज बहुतेक घरांत दोघांनाही काकाच म्हणतात. ज्या बाईचं पुढचं आयुष्य या घरात जायचं तिला नाव हवंच होतं, आतोबा मात्र सणासुदीला येऊन जाणारा. माझ्या मते या शब्दांमागे हाच हिशेब आहे.

खरा फरक दिसतो तो पुढच्या पिढीत. काकाच्या मुलाला मराठी चुलतभाऊ म्हणते. मग मामेभाऊ, मावसभाऊ, आतेभाऊ. बाजू कोणतीही असो, शेवटी ‘भाऊ’ येतोच. अरबी म्हणते इब्न अम्म, म्हणजे काकाचा मुलगा, आणि बिंत अम्म, म्हणजे काकाची मुलगी. मामा, आत्या आणि मावशी यांच्या मुलांनाही तीच रीत. बाजू अगदी काटेकोर सांगितली जाते, पण शब्दात भाऊ किंवा बहीण येत नाही. भावंडपण जोडायचं की नाही, हे अरबीने मोकळं ठेवलं आहे.

ते का मोकळं ठेवलं, हे ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टीं’मधून कळतं. या गोष्टी कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात इंग्रजीवरून मराठीत आणल्या. मूळ अरबी कथांच्या सुरुवातीलाच एक म्हातारा हरिणी घेऊन येतो. ही हरिणी माझी बिंत अम्म आहे, माझ्याच रक्तामांसाची आहे, असं तो सांगतो. पाठोपाठ कळतं की ती त्याची बायको आहे आणि लहान वयातच त्यांचं लग्न झालं होतं. अरब श्रोत्याला यात खटकण्यासारखं काहीच नाही. काकाची मुलगी ही तिथे पारंपरिक पसंतीची वधू. घराणं, मालमत्ता आणि आब घरातच राहतात. कित्येक टोळ्यांत तिच्यावर पहिला हक्क चुलत्याच्या मुलाचा, आणि त्याने नाही म्हटलं तरच बाहेरचं स्थळ बघायचं. प्रेमाने किंवा आदराने बायकोला ‘बिंत अम्मी’ म्हणण्याची रीत यातूनच आली. लग्न नात्यात झालेलं नसलं तरी सासऱ्याला ‘अम्मी’, म्हणजे ‘माझा काका’, म्हणतात तेही यामुळेच.

आता मराठी सासर बघा. जुन्या घरांत सून सासऱ्यांना मामंजी म्हणे आणि सासूला आत्याबाई. इथे सासरच्या माणसांना आत्या आणि मामा ही नाती मिळाली, काकाला जागाच नाही. चुलत्याची मुलगी एका कुळाची, म्हणून ती बहीण आणि तिच्याशी लग्न निषिद्ध. मामाची मुलगी मात्र दुसऱ्या कुळातली, आणि महाराष्ट्रातल्या बऱ्याच जातींत तिच्याशी लग्न चालतं, काहींत ते पसंतही करतात. असं लग्न झालं की मुलाचा सासरा त्याचा सख्खा मामा असतो आणि मुलीची सासू तिची सख्खी आत्या. आत्याबाई या शब्दाचा उलगडा इथेच होतो. सुनेच्या तोंडचं मामंजी मात्र एवढ्याने जुळत नाही, कारण सासरा तिच्या आत्याचा नवरा, मामा नव्हे. दोन घरांत साटंलोटं असेल, म्हणजे मुलींची अदलाबदल झालेली असेल, तर मात्र आत्याचा नवरा हाच आईचा भाऊ निघतो आणि दोन्ही हाका चपखल बसतात. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या नातेसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्यामधला पट्टा मानलं होतं. मामंजी या एका शब्दात दक्षिणेकडची ही ओढ ऐकू येते. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याने भावाबहिणीच्या मुलांचं लग्न निषिद्ध नात्यांत घातलं, पण जिथे तशी रूढी आहे तिथे मुभा ठेवली. मामाची मुलगी कायद्यात टिकली ती या मुभेमुळे.

मराठी आणि अरबीच्या शेजारी ठेवायला तिसरी एक भाषा जवळच आहे. लोकलने बदलापूरहून कल्याणकडे निघालं की अंबरनाथनंतर उल्हासनगर येतं. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीचं १९४९ मध्ये हे शहर झालं. ज्या सिंधी पुस्तकांवर तिथली जुनी पिढी वाढली त्यांची लिपी अरबीवरून आलेली. म्हणून नात्यांचे शब्दही अरबी असतील, असं वाटण्याची शक्यता आहे, पण ते अस्सल इथल्या मातीतले आहेत. काका चाचो, मामा मामो, मावशी मासी. काकाचा मुलगा सौट, मामाचा मारोट, मावशीचा मासात आणि आत्याचा पुफाट. प्रत्येकाला एकेक नेटका शब्द आहे. आणखी एक गंमत म्हणजे वडिलांचे वडील डाडो आणि आईचे वडील नानो, म्हणजे सिंधीत आजोबाही दोन. अरबीत दोघांनाही जद्द म्हणतात आणि मराठीत दोघेही आजोबाच. आईकडचं आणि वडिलांकडचं इतक्या बारकाईने वेगळं करणाऱ्या या दोन भाषांनी आजोबांपाशी पोचल्यावर मात्र ही वाटणी सोडून दिली.

अरबी कथा-कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्यांना मात्र एक विनंती आहे. बिंत अम्मचं ‘चुलतबहीण’ करू नका. कोशाच्या दृष्टीने ते बरोबर असेल, पण हरिणीवाल्या म्हाताऱ्याने बहिणीशी लग्न केलं असं मराठी वाचकाला वाटेल, आणि ते मूळ कथेत नाही. ‘काकाची मुलगी’ असं लिहा. मराठीत ते थोडं उघडं वाटतं, पण अरबीत म्हटलंय तेवढंच.