कसोटी आधी, निकाल मग

२००८ साली पुण्यात जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. प्रत्येक ज्योतिषाला ४० कुंडल्या दिल्या. कोणती हुशार मुलाची, कोणती मतिमंद मुलाची, एवढंच ओळखायचं. २८ बरोबर आल्या तरच यश. २७ जणांची उत्तरं आली. सर्वांत जास्त बरोबर, २४.

आता समजा, २८ हा आकडा आधी ठरलाच नसता. मग कुणीतरी म्हणालं असतं, '४० पैकी २४, म्हणजे ६० टक्के की!' पण नुसतं नाणं उडवणारी २७ माणसं बसवली, तरी त्यांतले तीन-चार जण सहज २४ गाठतील. पूर्वनोंदणी बंद करते ती हीच पळवाट. तरी शंका उरली, तर त्याच ज्योतिषाला नव्या ४० कुंडल्या द्याव्यात. याचंच नाव पुनरावृत्ती.

मर्यादाही पाहा. कुंडल्या मागवल्या होत्या ५१ जणांनी. पूर्वनोंदणीमुळे किती गळाले ते कळतं, का गळाले ते नाही. आणि खुल्या विदेचं काय? मुलांच्या जन्मवेळा उघड करणं योग्य नाही. पण कुंडलीचा क्रमांक, दिलेलं उत्तर आणि खरं उत्तर एवढं खुलं ठेवलं, तरी मोजणी कुणालाही तपासता येते.