जंप कट: मुद्दाम मारलेला की चुकून राहिलेला?

कॅमेरा तिथेच, माणूस तोच, आणि तरी तो जागच्या जागी टुणकन उडतो. मधला वेळ कापलेला असतो. हा जंप कट. एकाच माणसाचे दोन शॉट जोडायचे तर कॅमेरा निदान ३० अंशांनी सरकवावा, नाहीतर झटका बसतो, असा सिनेमातला जुना नियम आहे. व्लॉगमध्ये कॅमेरा एकाच स्टँडवर, म्हणजे नियम रोजच मोडतो. मग काही झटके आपल्याला खटकतात, काही नाही. असं का?

गोदारचा १९६० सालचा ‘ब्रेथलेस’ आठवा. गाडीत जीन सीबर्ग पाठमोरी बसलेली, मागचं पॅरिस कटागणिक बदलतं. पण नायक तिचं एकेक वर्णन करत जातो आणि त्याचा आवाज तुटत नाही. कट ओळीनं येतात, बोलण्याच्या लयीत येतात. दुसऱ्या-तिसऱ्या कटालाच आपण ओळखतो, की हे ठरवून केलंय.

आता एक व्लॉग कल्पून बघू. एक ताई पिठलं करतायत. पहिल्या अर्ध्या मिनिटात चार कट, प्रत्येक वाक्य संपल्यावर. दर कटाला चौकट थोडी जवळ येते किंवा लांब जाते. आपण निवांत बघतो. मग दोन मिनिटं एकही कट नाही. ताई म्हणतात, “आता पीठ पाण्यात...” आणि झटका! मान जेमतेम दोन बोटं सरकली, पंख्याची घरघर मध्येच तुटली, श्वास अर्धा कापला गेला. हा कट आपल्याला चूक वाटतो. तो एकटाच आहे, वाक्याच्या पोटात आहे, आणि बदल इतका लहान आहे की व्हिडिओ अडकला की काय असं वाटतं.

दुरुस्ती सोपी आहे. कट वाक्याच्या शेवटी न्यायचा, चौकट साधारण सव्वापट मोठी करायची, पंख्याचा आवाज दोन्ही बाजूंना सलग पसरायचा. नाहीतर मध्ये कढईचा शॉट टाकायचा. झटका गेला!

पण थांबा. कापलेल्या जागेत काय होतं? कटाआधी कोरडं पीठ, कटानंतर गुळगुळीत पिठलं. गुठळ्या होतात त्या नेमक्या इथेच, आणि पाणी किती, ढवळायचं कसं, हे शिकायलाच तर आपण बसलो होतो. कढईच्या शॉटनं ही उणीव भरत नाही, ती फक्त दिसेनाशी होते. उघडा जंप कट निदान कबूल तरी करतो, की इथून काहीतरी काढलंय.

म्हणून आपण दोन प्रश्न वेगळे ठेवू. कट मुद्दाम वाटतो का, हे लय आणि आवाज ठरवतात. तो योग्य आहे का, हे ठरवायला मात्र कापलेला तुकडाच विचारात घ्यावा लागतो. “अं... म्हणजे...” गेलं असेल तर बिघडलं काही नाही. पाण्याचं माप गेलं असेल, तर कट कितीही सफाईदार असो, चूक ती चूकच.